प्रोजेक्ट फाइल हरवली, व्हिडिओवरचा जुना मजकूर मात्र तसाच: आता काय करायचं?

एक्स्पोर्ट केलेल्या व्हिडिओत मजकूर हा मजकूर म्हणून शिल्लकच नसतो. एडिटिंगच्या टाइमलाइनवर अक्षरं वरच्या थरात असतात आणि चित्र खालच्या थरात. अक्षरांचा थर उचलला की खालचं चित्र जसंच्या तसं दिसतं. एक्स्पोर्ट करताना हे दोन्ही थर एक होतात आणि अक्षरांखालचे पिक्सेल फाइलमध्ये लिहिलेच जात नाहीत. त्यामुळे ‘अक्षरं पुसून खालचं चित्र दाखव’ ही मागणी कोणतंही सॉफ्टवेअर पुरी करू शकत नाही, कारण खाली काही नसतंच. सॉफ्टवेअर फार तर त्या जागेवर शोभेल असं चित्र दुसरीकडून आणून बसवतं. ते कुठून आणायचं, यावरच काम चांगलं होणार की फसणार हे ठरतं.

एक खरं काम डोळ्यासमोर ठेवून हे पाहू. कोथरूडला घरगुती फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एक काकू आहेत. 2022 च्या दिवाळीआधी त्यांनी ओळखीतल्या एका मुलाकडून पावणेदोन मिनिटांचा व्हिडिओ करून घेतला होता. व्हिडिओ छान झालाय, पण त्यात सालही जुनं, भावही जुना आणि फोन नंबरही बंद झालेला. ज्या लॅपटॉपवर एडिटिंग झालं त्याची हार्ड डिस्क गेली, तिच्यासोबत प्रोजेक्ट आणि मूळ शूटिंगही गेलं. हातात राहिली ती फक्त एक एमपीफोर फाइल: 1920 बाय 1080, सेकंदाला 25 फ्रेम. काकूंचं म्हणणं, “अरे, नुसते आकडेच तर बदलायचेत!”

आकडे बदलण्याआधी दोन गोष्टी बघून घ्यायच्या, कारण त्यात कधी कधी सगळं काम वाचतं.

पहिली म्हणजे आपल्या हातातली प्रत सगळ्यात चांगली आहे का. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून बारीक केलेली असते, तीच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली असेल तर जशीच्या तशी येते. यूट्यूबवर व्हिडिओ चढवला असेल तर तिथून परत उतरवलेली फाइल यूट्यूबने पुन्हा एन्कोड केलेली असते, पण गूगल टेकआउटमधून मागवली तर पुष्कळदा आपण चढवलेली मूळ फाइलच मिळते. काकूंच्या बाबतीत त्यांच्या फोनमधली प्रत 20 एमबीची होती आणि भाच्याच्या ईमेलमध्ये ड्राइव्हच्या लिंकवर पडलेली प्रत 230 एमबीची. पुढचं सगळं काम शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज बांधण्याचं आहे. त्या पिक्सेलमध्येच चौकोनी डाग असतील तर अंदाजही डागाळलेलाच येणार.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. ॲडोबी प्रीमियरमधून निघालेल्या फाइलच्या पोटात बऱ्याचदा कोणत्या प्रोजेक्टमधून आणि कोणत्या मूळ क्लिपांतून ती बनली याची नोंद राहते, अगदी फोल्डरच्या पत्त्यासकट. एक्झिफटूल हा फुकट प्रोग्राम ती नोंद वाचून दाखवतो:

```
exiftool -a -G1 faral.mp4
```

यादीत `Ingredients File Path` किंवा `Project Path` असलेल्या ओळी शोधायच्या. तिथे `C0043.MP4` असं नाव दिसलं की निदान काय शोधायचं हे तरी कळतं. मग जुनी मेमरी कार्डं, पेन ड्राइव्ह, कॅमेरावाल्याचा संगणक, सगळीकडे त्याच नावाने शोध घ्यायचा. प्रीमियरचं `Adobe Premiere Pro Auto-Save` नावाचं फोल्डर सहसा प्रोजेक्टशेजारीच असतं. दा विंची रिझॉल्व्ह मात्र प्रोजेक्ट आपल्या वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवतं. त्यामुळे फूटेजच्या फोल्डरमध्ये प्रोजेक्ट सापडलं नाही म्हणजे ते गेलंच असं नव्हे. एखाद्या शॉटची मूळ क्लिप जरी सापडली तरी तो शॉट ‘पुसायच्या’ यादीतून सुटला.

काकूंच्या बाबतीत नावं कळली, क्लिपा मिळाल्या नाहीत. मग कामाला बसायचं.

इथे बहुतेक जण संपूर्ण व्हिडिओ एखाद्या ‘रिमूव्हर’ ॲपमध्ये टाकतात, अक्षरांभोवती चौकोन ओढतात आणि बटण दाबतात. तो चौकोन पूर्ण व्हिडिओभर एकाच पद्धतीने भरला जातो, आणि अक्षरांच्या जागी एक धुरकट डाग तरंगत राहतो. एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या फुकट प्रोग्राममधला `delogo` फिल्टरही तत्त्वतः तेच करतो. चौकोनाच्या कडेचे पिक्सेल घेऊन आतला भाग त्यांच्यातून ओढून भरतो. मागे सपाट भिंत किंवा आकाश असेल तर हे चालून जातं. मागे चकल्यांनी भरलेलं ताट असेल तर नाही. म्हणून आधी व्हिडिओचे शॉट वेगळे करायचे आणि प्रत्येक शॉटला एकच प्रश्न विचारायचा: या अक्षरांच्या मागची जागा याच शॉटमध्ये कधी उघडी दिसते का?

काकूंच्या व्हिडिओत मजकूर पाच ठिकाणी होता. शेवटचं फोन नंबरचं पान तर नुसती रंगीत पार्श्वभूमी होती, ते नव्याने करून जोडायचं, विषय संपला. उरलेले चार शॉट चार तऱ्हेचे होते.

पहिला सगळ्यात सोपा. कॅमेरा ट्रायपॉडवर, टेबलावर पितळी ताटं मांडलेली, आणि तिसऱ्या सेकंदानंतर ‘दिवाळी फराळ 2022’ हळूच उमटतं. म्हणजे मजकूर उमटण्याआधी मागचं सगळं चित्र थोडा वेळ उघडं आहे. शिवाय आठव्या सेकंदाला मजकूर गेल्यावर शॉट आणखी दीडेक सेकंद चालतो. कॅमेरा हललेला नाही, ताटं हललेली नाहीत. म्हणजे इथे अंदाज बांधायची गरजच नाही, मागचं खरं चित्र हाताशी आहे. टाइमलाइनवर खालच्या ट्रॅकवर हाच व्हिडिओ, वरच्या ट्रॅकवर याच व्हिडिओतला मजकूर नसलेला तुकडा, आणि वरच्या तुकड्याला अक्षरांपुरता मास्क, म्हणजे तेवढीच जागा दिसू देणारा साचा. मास्कची कड चार-पाच पिक्सेल मऊ ठेवायची, की जोड दिसत नाही. हे कोणत्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये होतं, फुकटच्यातही.

यात दोन बारकावे आहेत. पुष्कळ जण वरच्या तुकड्याऐवजी एक फ्रेम गोठवून लावतात. थांबवून पाहिलं तर ठीक दिसतं, पण चालवलं की अक्षरांच्या आकाराचा भाग ‘मेलेला’ वाटतो. कारण कॅमेऱ्याच्या चित्रात नेहमी बारीक दाणे वळवळत असतात आणि गोठवलेल्या भागात ते थांबलेले असतात. म्हणून शेवटच्या दीड सेकंदाचा उघडा तुकडा घ्यायचा आणि तो एकदा सुलटा, एकदा उलटा असा जोडत जायचा. दाणे जिवंत राहतात आणि जोडावर झटका बसत नाही. दुसरं म्हणजे फ्रेम पीएनजी म्हणून बाहेर काढून, फोटोशॉपमध्ये कापून परत आणली तर रंगात किंचित फरक पडू शकतो. चित्र व्हिडिओच्या रंगपद्धतीतून आरजीबीत जातं, पुन्हा परत येतं, आणि दोन्ही वेळा हिशोब एकाच सूत्राने झाला नाही तर पितळेचा पिवळा थोडा सरकतो. त्याच फाइलचा तुकडा वापरला तर ही भानगडच उरत नाही.

मजकूर हळूहळू उमटणारा असेल तर ठिगळ वेळेआधी लावायचं. डोळ्याला अक्षरं जिथे ‘दिसायला लागतात’ त्याच्या तीन-चार फ्रेम आधीच ती पुसट उमटलेली असतात. किबोर्डच्या बाणाने एकेक फ्रेम पुढे जात ती जागा शोधायची. नाहीतर सालाचं भूत क्षणभर चमकून जातं, आणि ते नेमकं गिऱ्हाइकालाच दिसतं.

दुसरा शॉट चकल्या तळण्याचा. यातही कॅमेरा ट्रायपॉडवर आहे, म्हणून वाटलं की पहिल्यासारखंच होईल. पण ‘चकली 460 रु. किलो’ ही ओळ अर्धी स्वयंपाकघराच्या टाइल्सवर आहे आणि अर्धी कढईच्या काठावर. टाइल्स स्थिर आहेत, कढईतलं तेल नाही. शिवाय वाफ वर येते ती टाइल्सवरूनच जाते. मजकुराआधीचा तुकडा ठिगळ म्हणून लावला, तर वाफ ठिगळाच्या कडेपर्यंत येते आणि तिथे गायब होते. अक्षरांच्या आकाराची भोकं असलेली वाफ!

वरून आणखी एक त्रास होता, ट्यूबलाइटचा. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होते. कॅमेऱ्याचा शटर तिच्याशी जुळलेला नसेल तर चित्रावर उजेडाचे पट्टे सरकत राहतात. साध्या डोळ्याला ते जाणवतही नाहीत. पण ठिगळातला पट्टा एका जागी आणि खालच्या चित्रातला दुसऱ्या जागी असला की ठिगळाची कड लुकलुकायला लागते. ठिगळाच्या उजेडाची पातळी दर फ्रेमला सावरत बसणं शक्य आहे, पण या कामाच्या पैशात ते परवडत नाही.

म्हणून इथे काढायचा नाद सोडला. त्या शॉटवर काकूंना नाहीतरी नवा भाव लिहायचाच होता. जुन्या ओळीपेक्षा चार बोटं लांब, पूर्ण अपारदर्शक, मरून रंगाची पट्टी केली. त्यावर नवा भाव लिहिला आणि ती जुन्या ओळीवर ठेवली. पट्टी जुन्या मजकुराच्या सहा फ्रेम आधी येते आणि सहा फ्रेम नंतर जाते. माझ्या मते बदली मजकूर लिहायचाच असेल तिथे झाकणं हाच पहिला विचार असावा. लोक त्याला ‘जुगाड’ म्हणून नाक मुरडतात, पण पाहणाऱ्याला पट्टीखाली काय आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. पथ्य एकच, पट्टी जराही पारदर्शक ठेवायची नाही. दहा टक्के पारदर्शक पट्टीतूनही पांढरा 460 खालून डोकावतो.

कापणं हाही एक मार्ग असतो. ओळ अगदी तळाशी असेल तर चित्र थोडं मोठं करून तळाची पट्टी बाहेर घालवायची. काकूंच्या व्हिडिओत मजकूर वरून 860 व्या ओळीपासून सुरू होत होता. तळाच्या 220 ओळी घालवायच्या तर चित्र सव्वापटीहून मोठं करावं लागलं असतं, मग बाजूने कुणीतरी कापलं जातं आणि चित्रही मऊ पडतं. पाचदहा टक्क्यांपर्यंत मोठं केलेलं सहसा खपून जातं.

तिसरा शॉट मात्र खरा परीक्षा घेणारा. खरेदीचा. कॅमेरा हातात धरून बोहरी आळीतून चालत चाललेत, दोन्हीकडे सुक्या मेव्याची दुकानं, मधून माणसं आणि दुचाक्या. खाली पांढऱ्या अक्षरांत, बारीक सावली दिलेली ओळ: ‘निवडक माल, 2022 च्या दिवाळीसाठी’. इथे नवी पट्टी नको होती. काकूंना तो शॉट मोकळा हवा होता.

वाटतं त्यापेक्षा हे काम शक्य आहे, आणि ते शक्य होतं कॅमेरा हलतोय म्हणूनच. अक्षरं पडद्याला चिकटलेली आहेत, दुकानं नाहीत. या फ्रेममध्ये बदामाच्या पोत्यावर एखाद्या अक्षराचा उभा दांडा आलाय. कॅमेरा चार-पाच फ्रेममध्ये तीसेक पिक्सेल सरकला की तेच पोतं दांड्याच्या बाहेर येतं. म्हणजे या फ्रेममध्ये झाकलेली जागा पुढच्या किंवा मागच्या फ्रेममध्ये उघडी सापडते. आफ्टर इफेक्ट्समधलं `Content-Aware Fill` हेच करतं. आजूबाजूच्या फ्रेममधली हालचाल मोजतं, उघडी जागा शोधतं आणि ती या फ्रेमच्या मापाने वळवून भोकात बसवतं. रिझॉल्व्हच्या पैसे देऊन घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत `Object Removal` आहे, त्याचाही गाभा तोच.

भोक जितकं लहान तितकं भरणं सोपं, हे इथे ध्यानात ठेवायचं. म्हणून सगळ्या ओळीभोवती चौकोन न घेता फक्त अक्षरांचा मास्क करायचा. इथे एक युक्ती फार कामी येते. ओळ सगळ्या फ्रेममध्ये एकाच जागी आहे आणि मागचं सतत बदलतंय. तेव्हा शंभर फ्रेमची सरासरी काढली की मागची दुकानं विरघळून राखाडी होतात आणि अक्षरं तेवढी धारदार राहतात:

```
ffmpeg -ss 48 -i faral.mp4 -t 4 -vf "tmix=frames=100" -update 1 mask.png
```

मजकूर 47 व्या सेकंदापासून 56 व्यापर्यंत आहे, म्हणून मधली चार सेकंदं घेतली. 25 फ्रेमच्या हिशोबाने बरोबर शंभर फ्रेम. निघालेलं चित्र कोणत्याही फोटो एडिटरमध्ये उघडून उजळ भाग पांढरा आणि बाकी सगळं काळं करायचं, की मास्क तयार. ओळ सरकत येणारी किंवा नाचणारी असेल तर मात्र ही युक्ती चालणार नाही.

मग हा मास्क थोडा फुगवायचा. किती फुगवायचा हे समजायला अक्षराची कड चारशे टक्के मोठी करून बघा. पांढऱ्या दांड्याच्या बाहेर दोन-तीन पिक्सेल राखाडी, त्याच्या बाहेर सावली, आणि सावलीच्याही बाहेर बारीक डागांची एक झालर दिसते. ही झालर व्हिडिओ दाबण्यातून येते. एच.264 पद्धतीत चित्र छोट्या चौकोनांत मोडून दाबलं जातं आणि धारदार कडेचा त्रास सगळ्या चौकोनाला होतो. शिवाय या फाइलींमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा आडवी-उभी निम्मीच साठवलेली असते. त्यामुळे लाल किंवा पिवळ्या अक्षरांचा रंग अक्षराबाहेर सांडतो. मास्क नेमका अक्षराच्या आकाराचा घेतला तर अक्षर जातं आणि त्याची ही झालर राहते. व्हिडिओ चालू झाला की ती झालर डोळ्याला चटकन वाचता येते. या शॉटला सहा पिक्सेल फुगवटा पुरला.

देवनागरीची आणखी एक गंमत आहे. चौकोन ओढणारी माणसं शिरोरेषेपासून मोजतात आणि वरच्या वेलांट्या, मात्रा, अनुस्वार बाहेर राहतात. खालचे उकारही तसेच. दुकानांच्या गर्दीवर एकटा तरंगणारा अनुस्वार फार विनोदी दिसतो. शिरोरेषा मात्र लांब असली तरी बारीक असते. उंचीने थोडेच पिक्सेल भरायचे म्हणून ती उभ्या दांड्यांपेक्षाही सहज जाते, फक्त कॅमेरा थोडा वरखाली हलला पाहिजे. हातात धरून चालताना तो हलतोच.

आफ्टर इफेक्ट्समध्ये शॉटचं कॉम्पोझिशन करायचं आणि मास्क वापरून अक्षरांच्या जागी पारदर्शक भोक पाडायचं. भोक दिसलं पाहिजे, नाहीतर फिलला काय भरायचं हेच कळत नाही. मग `Content-Aware Fill` पॅनेलमध्ये पद्धत `Object` ठेवून `Generate Fill Layer` दाबायचं. ते दर फ्रेमचं एक चित्र तयार करून वर थर टाकतं, आणि नऊ सेकंदांच्या शॉटला साध्या लॅपटॉपवर चहा होऊन वर गप्पाही होतात. पूर्ण शॉट एकदम देण्यापेक्षा दोन-तीन सेकंदांचे तुकडे दिलेले बरे. चालताना उजेड बदलतो, आणि उन्हातल्या फ्रेममधला भाग सावलीतल्या फ्रेममध्ये आणला की त्याचा पांढरट चट्टा पडतो.

हे फसतं कुठे, तेही ओळखता आलं पाहिजे. या शॉटमध्ये पाऊण सेकंद असा होता की एक गृहस्थ कॅमेऱ्याच्या पुढे, कॅमेऱ्याच्याच वेगाने चालत होते. त्यांच्या शर्टाची खालची कड अक्षरांखाली होती आणि तेही पडद्यावर जागचे हलत नव्हते. म्हणजे ती जागा कोणत्याच फ्रेममध्ये उघडी नव्हती. तिथे फिलने मागच्या दुकानाचा तुकडा आणून शर्टात बसवला. थांबवलेल्या चित्रात हे कळत नाही, चालवल्यावर शर्टाची कड उकळल्यासारखी खदखदते. ही खदखद म्हणजे ‘खरं चित्र मिळालं नाही, सॉफ्टवेअर दर फ्रेमला वेगळा अंदाज बांधतंय’ याची खूण. सेटिंग कितीही फिरवली तरी ती जात नाही. त्यावर दोनच उपाय. एक फ्रेम हाताने रंगवून `Create Reference Frame` ने फिलला नमुना म्हणून द्यायची, किंवा तेवढा भाग कापून टाकायचा. शर्टाची कड साधी आणि एकरंगी होती, म्हणून एक नमुना फ्रेम पुरली. तिथे शर्टाऐवजी बोलणाऱ्या माणसाचा चेहरा असता तर मी हातही लावला नसता. ओठ आणि डोळ्यांच्या बाबतीत पाहणाऱ्याची नजर कसलीच चूक माफ करत नाही.

आता चौथा शॉट, आणि मला स्वतःला यातच सगळ्यात मजा आली. वीस सेकंदांच्या शॉटभर तळाशी एक काळी पारदर्शक पट्टी होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत फोन नंबर. पट्टी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, 160 पिक्सेल उंच. एवढं मोठं क्षेत्र कुठूनही भरून आणणं अशक्यच वाटतं. पण काळी पारदर्शक पट्टी चित्र झाकत नाही, ती फक्त मंद करते, काळ्या गॉगलसारखी. माहिती गेलेली नाही, दबलेली आहे. आणि किती दबली हे कळलं तर उलटा हिशोब करून ती वर उचलता येते.

किती दबली हे मोजायचं पट्टीच्या कडेवर. मागची भिंत पट्टीच्या वरही आहे आणि पट्टीखालीही. कडेच्या जरा वरचा एक पिक्सेल आणि जरा आतला एक पिक्सेल आयड्रॉपरने तपासायचा. बाहेर 210, आत 84. दुसरीकडे, लाकडी कपाटावर, बाहेर 60, आत 24. दोन्हीकडे आतलं मूल्य बाहेरच्याच्या 0.4 पट भरलं. म्हणजे पट्टी साठ टक्के काळी होती, आणि परत मूळ उजेड आणायला 1 भागिले 0.4, म्हणजे अडीचने गुणायचं. असं उजळ आणि गडद दोन्ही जागी मोजून बघावं. एडिट करणाऱ्या मुलाला “ऑपॅसिटी किती होती रे?” असं विचारून भागत नाही. सॉफ्टवेअर थर मिसळताना कोणत्या पद्धतीने मिसळतं त्यावर पडद्यावरचं प्रमाण वेगळं येऊ शकतं. मोजलेला आकडा खरा मानायचा.

व्हिडिओच्या आकड्यांत काळा 16 वर असतो आणि रंगांचा शून्यबिंदू 128 वर, म्हणून गुणाकार त्या बिंदूंपासून करायचा. शॉट वेगळा कापून घेतला की आज्ञा अशी:

```
ffmpeg -i shot4.mkv -filter_complex \
"[0:v]split[a][b];[b]crop=1920:160:0:860,\
lutyuv=y=16+(val-16)*2.5:u=128+(val-128)*2.5:v=128+(val-128)*2.5[p];\
[a][p]overlay=0:860" -c:v ffv1 -c:a copy shot4b.mkv
```

`crop` तळाची पट्टी कापून घेतं, `lutyuv` ती अडीचपट उजळ करतं आणि `overlay` ती परत जागेवर बसवतं. पट्टी गेली. पहिल्यांदा बघितलं की जादूच वाटते.

अर्थात मर्यादा आहेत. मूळ 256 पायऱ्यांचा उजेड पट्टीखाली शंभरेक पायऱ्यांत दाबला गेला होता. तो परत ताणला की मधल्या पायऱ्या काही उगवत नाहीत. सपाट भिंतीवर उजेडाचे थर दिसतात. गडद भागात तर एच.264 ने आधीच काटकसर केलेली असते, तिथले चौकोनी डागही अडीचपट ठळक होतात. अगदी थोडे दाणे मिसळले की थर बरेच लपतात. साठ टक्क्यांपर्यंत काळी पट्टी असेल तर निकाल बरा येतो. पंच्याऐंशी टक्के असेल तर चित्र येतं पण ते दाखवण्याजोगं नसतं. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर एकदोन ओळींची रेघ उरते, कारण दाबताना तिथे आतलं आणि बाहेरचं मिसळलेलं असतं. त्या ओळी वरखालच्या ओळींतून भरून घ्यायच्या.

पट्टी गेल्यावर उरला नंबर. पांढरी अक्षरं अपारदर्शक असल्यामुळे त्यांना अडीचने गुणून काही होत नाही. पण आता प्रश्न 160 पिक्सेलचा राहिला नव्हता, सात-आठ पिक्सेल जाडीच्या दांड्यांचा राहिला होता. हे दांडे भरायला एफएफएमपेगचा `removelogo` फिल्टर पुरतो. त्याला व्हिडिओच्याच मापाचं एक काळं-पांढरं चित्र द्यायचं, पांढरं तिथे अक्षर. तो फक्त तेवढेच पिक्सेल शेजारच्यांतून भरतो. मास्क पुन्हा सरासरीच्या युक्तीनेच काढला. मागे भिंत आणि कपाट असल्यामुळे काही दिसलं नाही. कपाटाची उभी कड जिथे एका आकड्याखालून जात होती तिथे ती थोडी मऊ झाली, ती तशीच ठेवली.

हेच सगळं दुसऱ्याच्या व्हिडिओवरचं नाव किंवा वॉटरमार्क काढायलाही वापरता येतं, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. ते करू नये. पट्टीखालचं चित्र आपलं असेल तरच हा उद्योग.

हे सगळं करताना मधल्या टप्प्यांना पुन्हापुन्हा एमपीफोर करायचं नाही. दर वेळी दाबलं की आधी ठिगळांच्या कडाच उघड्या पडतात. वरच्या आज्ञेत `ffv1` आहे ते त्यासाठी. तो काहीही न गमावता साठवतो, फाइल मात्र कैक पटीने फुगते. प्रीमियर किंवा रिझॉल्व्हमध्ये काम असेल तर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या फारसं न दाबणाऱ्या पद्धती वापरायच्या. चारही शॉट जागेवर बसवून, नवी पाटी-पट्टी लावून एकदाच शेवटचा एमपीफोर काढायचा. आवाजाला कुठेच हात लावायचा नाही, मूळ फाइलमधला ट्रॅक तसाच उचलायचा.

तपासणी संगणकाच्या छोट्या खिडकीत करू नये. पूर्ण व्हिडिओ एकदा टीव्हीवर आणि एकदा फोनवर उजेड पूर्ण वाढवून बघायचा. टीव्हीवर ठिगळाची लुकलुक दिसते, फोनवर उजळ केलेल्या पट्टीतले डाग दिसतात. मग ज्याने आधीचा व्हिडिओ पाहिलेला नाही अशा माणसाला दाखवायचा आणि मजकूर कुठे होता ते सांगायचं नाही. आपली नजर आपण दुरुस्त केलेल्या जागीच जात राहते, त्यामुळे आपलं मत इथे धरायचं नसतं. काकूंच्या सुनेने बोहरी आळीच्या शॉटमध्ये काहीच ओळखलं नाही. पण ताटांच्या शॉटमध्ये “हे निरांजन मध्येच का थरथरतंय?” असं विचारलं. वरचा तुकडा उलट्या दिशेने जोडलेल्या जागी ज्योतीची कड मास्कमध्ये आली होती. मास्क ज्योतीपासून आठ पिक्सेल मागे घेतला, थरथर गेली.

काकूंना दोन फाइली दिल्या. एक नव्या भावाची, आणि दुसरी `faral_bin_majkur.mov` नावाची. दुसरीत ताटांचे, आळीचे आणि नंबरच्या पट्टीचे शॉट मोकळे आहेत. चकलीच्या शॉटवर मरून पट्टी आहे, पण ती कोरी. पुढच्या वर्षी भाव बदलला की कोऱ्या पट्टीवर आकडा लिहायचा आणि शेवटचं पान नवं लावायचं, एवढं काम कोणत्याही फुकटच्या ॲपमध्ये अर्ध्या तासात होतं.